‘नाही’चा बाण कुठे जातो?

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर काचेमागे एक कागद बरीच वर्षं टाचलेला होता. अडीच फुलस्केप पानं, बारीक टाइप, मथळा ‘सदनिका हस्तांतरणाबाबत’. मी सेक्रेटरी झालो तेव्हा तो पहिल्यांदा नीट वाचला. त्यातलं एक वाक्य असं होतं : ‘सदनिका हस्तांतरित करू इच्छिणाऱ्या सभासदाने विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह कार्यालयात सादर केल्यावर त्याची छाननी होऊन समितीच्या पुढील सभेत त्यावर योग्य तो निर्णय घेण्यात येईल.’

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, पण फ्लॅट विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. आवश्यक ती कागदपत्रं म्हणजे कुठली? छाननी कोण करणार? पुढची सभा कधी? आणि ‘योग्य तो निर्णय’ म्हणजे नक्की काय? हो म्हटलं तर पुढे काय आणि नाही म्हटलं तर काय, हे त्या अडीच पानांत कुठेही नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी कुणी ना कुणी दार वाजवायचं आणि मी तेच तेच तोंडी सांगायचो.

माझी नोकरी एका कारखान्यात, मेथड्स विभागात गेली. एखादा सुटा भाग कच्च्या मालापासून डिस्पॅचपर्यंत कसा फिरतो ते कागदावर काढायचं, हे आमचं काम. तेव्हा ठरवलं की कारखान्यात जे केलं तेच इथे करून बघू. अडीच पानांच्या जागी एका पानावर चित्र.

ही चित्रं काढायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतले फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोने १९२१ साली मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. फ्रँक तरुणपणी गवंडीकाम करायचा. वीट उचलताना गवंडी किती वेळा विनाकारण वाकतो ते मोजता मोजता तो या वाटेला लागला. पुढे १९४७ साली त्याच संघटनेने पाच खुणा प्रमाण ठरवल्या. काम झालं तिथे वर्तुळ, माल हलला तिथे बाण, तपासणी झाली तिथे चौकोन, साठवण झाली तिथे त्रिकोण आणि नुसतंच थांबावं लागलं तिथे इंग्रजी डी अक्षराची खूण. डी म्हणजे डिले. कारखान्यात मला ही शेवटची खूण सगळ्यात उपयोगी पडली, आणि सोसायटीतही तीच पडली.

सुरुवात म्हणून मी एक जुनी फाइल उघडली. घेणाऱ्याचा अर्ज ४ जूनला आला होता. तो समितीपुढे २९ जूनला गेला, कारण सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी होते. सभेत लक्षात आलं की मूळ शेअर सर्टिफिकेट जोडलेलंच नाही. ते विकणाऱ्याच्या बँकेत, जुन्या कर्जापोटी अडकलेलं होतं. ते सुटून १० जुलैला आमच्याकडे आलं. अर्ज पुन्हा समितीपुढे २७ जुलैला गेला आणि मंजूर झाला. मंजुरीचं पत्र ९ ऑगस्टला निघालं, आणि सर्टिफिकेटच्या मागे नवं नाव चढून त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या २४ ऑगस्टला. एकूण ८१ दिवस. यात कुणी प्रत्यक्ष हात चालवून काम केलं असा वेळ मी उदारपणे जोडला तरी दोन तासांच्या वर जात नव्हता. बाकी सगळा डी.

अडीच पानांत हे का दिसलं नव्हतं? कारण गद्यात थांबण्याला जागाच नसते. ‘छाननी होऊन सभेत निर्णय घेण्यात येईल’ या वाक्यातल्या ‘होऊन’ आणि ‘सभेत’ या दोन शब्दांमध्ये पंचवीस दिवस बसलेले आहेत, पण छापताना तिथे फक्त एक मोकळी जागा पडते. चित्रात दोन चौकटींमध्ये बाण काढावा लागतो, आणि बाणावर किती दिवस ते लिहावं लागतं. लिहिता आलं नाही तर निदान आपल्याला माहीत नाही हे तरी उघडं पडतं.

मग जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या. नियम साधे ठेवले. एका चिठ्ठीवर एकच काम, आणि ते क्रियापदाने संपलं पाहिजे : ‘अर्ज देतो’, ‘पावती देतो’, ‘कागद तपासतो’. ‘छाननी’ असं नुसतं नाम लिहायचं नाही, कारण नामामागे माणूस लपतो. टेबलावर खडूने चार उभे पट्टे आखले : विकणारा, घेणारा, कार्यालय, समिती. ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात चिठ्ठी. सुरुवात आणि शेवट लंबगोलात, काम आयतात, कागद जिथे तयार होतो तिथे खालची कड लाटेसारखी असलेली चौकट आणि जिथे प्रश्न पडतो तिथे शंकरपाळी. हे आकार माझ्या मनातले नव्हेत. १९८५ च्या आयएसओ ५८०७ या मानकात ते आहेत, आणि कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

या सगळ्यात शंकरपाळी सर्वांत मोलाची. तिचा एकच नियम आहे : तिच्यातून निदान दोन बाण बाहेर पडले पाहिजेत आणि प्रत्येकावर उत्तर लिहिलेलं पाहिजे. ‘हो’चा बाण सगळेच काढतात. ‘नाही’चा काढायला गेलं की पेन थांबतं.

पहिली शंकरपाळी होती ‘घरातल्याच माणसाला देताय का?’ जुन्या नोटिशीत सरसकट ‘हस्तांतरण फी व प्रीमियम भरावा’ असं होतं. आदर्श उपविधीप्रमाणे हस्तांतरण फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये. प्रीमियम सर्वसाधारण सभा ठरवते, पण महापालिका हद्दीत तो २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. शिवाय कुटुंबातल्या माणसाला किंवा वारसाला फ्लॅट देताना प्रीमियम घ्यायचाच नसतो. हे नोटिशीत दुसऱ्या पानावर, वेगळ्या परिच्छेदात, ‘तथापि’ने सुरू होणाऱ्या वाक्यात होतं. तिथवर कोण पोचणार? मुलाच्या नावावर घर करणाऱ्या एका आजोबांनी प्रीमियमचा चेक लिहून आणलेला मी स्वतः परत केला आहे. चित्रात ही शंकरपाळी पैशांच्या चौकटीच्या आधी बसली आणि ‘हो’चा बाण त्या चौकटीला वळसा घालून पुढे गेला. ‘तथापि’ची गरजच संपली.

दुसरी गोष्ट एनओसीची निघाली. नोटीस म्हणत होती, विक्रीपूर्वी सोसायटीची ना-हरकत घ्यावी. लोकही तेच धरून चालतात. पण आदर्श उपविधी सांगतात की शेअर्स हस्तांतरित करायला सोसायटीची ना-हरकत बंधनकारक नाही. विकणाऱ्याने हस्तांतरणाचा इरादा पंधरा दिवस आधी सोसायटीला कळवायचा असतो, एवढंच. घेणाऱ्याची कर्ज देणारी बँक मात्र ना-हरकत मागते, म्हणून लोक धावतात. चिठ्ठ्या मांडताना एनओसीची चिठ्ठी मुख्य वाटेवर कुठेच बसेना. तिच्याकडे जाणारा बाण निघत होता, तिच्यातून पुढे जाणारा निघत नव्हता. शेवटी ती बाजूला, तुटक रेषेने जोडून ठेवली : ‘बँकेने मागितली तरच’. वर्षानुवर्षं आम्ही लोकांना जिथून जावंच लागेल असं सांगत होतो तो रस्ता नसून फाटा होता.

आता चिन्हांची गोष्ट, आणि इथे मी तोंडावर पडलो. फ्लोचार्ट तयार झाल्यावर भाच्याने उत्साहाने प्रत्येक चौकटीत एकेक आयकॉन टाकून दिला. दिसायला फार देखणं. मग मी तो कागद शब्द झाकून दहाबारा जणांना दाखवला : वॉचमन, दोन आज्या, इस्त्रीवाला, नुकतंच भाड्याने आलेलं जोडपं. ‘निर्णय’ या चौकटीत न्यायाधीशाचा लाकडी हातोडा होता. आपल्या कोर्टात असला हातोडा कुणी आपटत नाही, तो सिनेमातला. वॉचमन म्हणाला, ‘तोडफोडीची परवानगी?’ थांबण्यासाठी वाळूचं घड्याळ होतं. एका आजींनी ते डमरू म्हणून ओळखलं. शेअर सर्टिफिकेटचं चित्र म्हणजे रिबिनीचा शिक्का असलेला कागद. तो सगळ्यांनी एकमुखाने मार्कशीट ठरवला. पास झालेली चित्रं मोजकीच : ₹ चं चिन्ह, रबरी शिक्का, पाकीट आणि तारखेला गोल केलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. वाळूच्या घड्याळाच्या जागी मग तेच कॅलेंडर गेलं.

धोक्याच्या सूचनांवर जी चिन्हं छापतात त्यांच्यासाठी अमेरिकेत यापेक्षा कडक कसोटी आहे. त्यांच्या मानकानुसार विचारलेल्यांपैकी निदान ८५ टक्के लोकांना चिन्हाचा अर्थ बरोबर सांगता आला पाहिजे, आणि ज्यांनी भलताच, घातक असा अर्थ लावला ते ५ टक्क्यांच्या वर असता कामा नयेत. मला यातली दुसरी अट जास्त शहाणपणाची वाटते. चित्र कळलं नाही तर माणूस विचारतो. चुकीचं कळलं तर विचारत नाही, थेट भिंत पाडायला घेतो.

चित्राचं बळ कुठे आहे ते आपल्याला निवडणुकीने केव्हाच शिकवलंय. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, तरी बैलजोडी किंवा झोपडी ओळखून त्यांनी मत दिलं. पण तिथे चिन्हाला एकच काम होतं, एका पक्षाचं नाव सांगणं. चिन्ह नाम उत्तम सांगतं. साधं क्रियापद सांगतं, तेही कसंबसं. ‘जर’, ‘तरच’, ‘वगळून’ हे शब्द त्याच्या आवाक्याबाहेरचे. ‘कर्ज फिटलेलं नसेल तर’ याचं चित्र काढून दाखवा! म्हणून मंजुरीच्या प्रक्रियेत नुसते आयकॉन ओळीने मांडले की जे तयार होतं ते सजवलेलं बोधचिन्ह असतं, वाट नसते. अट सांगायला शंकरपाळी लागते आणि शंकरपाळीत शब्द लागतात. आम्ही अखेर चारच चिन्हं ठेवली : पैसे, शिक्का, पाकीट, कॅलेंडर. प्रत्येकाखाली दोनतीन शब्द, आणि एका चिन्हाचा सगळीकडे एकच अर्थ. शिक्का म्हणजे ‘इथे तुम्हाला तारखेसह पोच मिळते’. मंजुरीलाही शिक्काच टाकू असा आग्रह झाला होता. तो मोडून काढला, नाहीतर अर्ज दिल्याच्या दिवशीच लोकांनी मंजुरी मिळाली असं मानलं असतं.

रंगही सोडले. भाच्याने ‘हो’ला हिरवा आणि ‘नाही’ला लाल दिला होता. लाल-हिरवा न कळणारी माणसं असतात हे एक कारण आहेच, पण आमचं कारण साधं होतं : तो कागद लोक झेरॉक्स काढून नेणार, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही करडे होतात. बाणांवर ‘हो’ आणि ‘नाही’ हे शब्दच लिहिले. दुसरी अडचण मोबाइलची आली. चार पट्ट्यांचं आडवं चित्र व्हॉट्सॲपवर गेलं की अक्षरं मुंग्यांएवढी होतात आणि बोटाने सरकवता सरकवता माणूस बाण हरवून बसतो. मग मोबाइलसाठी वेगळी प्रत केली, वरून खाली जाणारी. पट्टे काढून टाकले आणि कोण करणार ते प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर लिहिलं.

मोह आवरावा लागतो तो सगळं एकाच चित्रात कोंबण्याचा. सभासद वारला आणि नॉमिनेशन नाही, वारसांत वाद आहे, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे; हे सगळं जोडत गेलो तेव्हा चौकटी तीसच्या वर गेल्या आणि रेषा एकमेकींना छेदायला लागल्या. रेषा छेदू लागल्या की समजावं, एका पानावर दोन प्रक्रिया आहेत. वारसाहक्काचं पान वेगळं काढलं आणि मूळ चित्रात त्याच्याकडे जाणारा एकच बाण ठेवला. मूळ चित्र मग चौदा आकारांत बसलं.

यातली शेवटची शंकरपाळी समितीच्या पट्ट्यात होती : ‘मंजूर?’ ‘हो’चा बाण पाकिटाकडे, तिथून आय आणि जे रजिस्टरमध्ये नाव चढवण्याकडे आणि सर्टिफिकेटकडे. ‘नाही’चा बाण कुठे? जुनी नोटीस गप्प होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २२ उघडलं तर उत्तर सरळ होतं. सभासदत्व नाकारलं तर कारणांसह तो निर्णय पंधरा दिवसांत, किंवा अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत, यातलं जे आधी येईल त्या मुदतीत कळवायचा. नाकारलेल्याला निबंधकाकडे अपील करता येतं. म्हणजे ‘नाही’मधून एक पाकीट निघतं आणि पाकिटातून अपिलाचा बाण.

पण कलमात त्यापुढे आणखी एक वाक्य आहे, आणि त्यामुळे माझी शंकरपाळी तीन कोपऱ्यांतून वाहू लागली. तीन महिन्यांत सोसायटीने काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असंच मानलं जातं. हो, नाही, आणि गप्प. गप्प बसण्यालाही कायद्यात बाण आहे, आणि तो ‘हो’च्या लंबगोलात जाऊन मिळतो.

मी तो काढला. कॅलेंडरचं चिन्ह, ‘९० दिवसांत उत्तर नाही’ आणि बाण. मसुदा समितीपुढे ठेवला तेव्हा बाकी कशावर चर्चा झाली नाही. सगळ्यांची बोटं त्याच बाणावर. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘खरं आहे हो, पण भिंतीवर कशाला लावायचं? लोक तारखा मोजत बसतील.’ दुसऱ्यांनी नेमकी दुरुस्ती सुचवली : कायदा तीन महिने म्हणतो, तुम्ही नव्वद दिवस लिहिलेत, ते एक नव्हे. त्यांचं बरोबर होतं. जून, जुलै, ऑगस्ट मिळून ९२ दिवस होतात. ‘३ महिने’ असं बदललं. चित्र काढणाऱ्याला सोप्या आकड्याची ओढ असते आणि त्या ओढीत कायदा दोन दिवसांनी चुकतो. तेव्हापासून चित्राच्या तळाशी एक ओळ आहे : हे चित्र वाट दाखवण्यासाठी, अंमल सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीचा आणि कायद्याचा. शेजारी तयार केल्याची तारीख. उपविधी बदलले आणि भिंतीवरचं चित्र तसंच राहिलं, तर ते अडीच पानांपेक्षा वाईट. अडीच पानं निदान कुणी वाचत तरी नव्हतं.

सभेत खरा पेच वेगळ्याच प्रश्नावर आला. तीन महिने मोजायचे कुठल्या दिवसापासून? अर्ज अर्धवट असेल तर तो ‘मिळाला’ म्हणायचा का? याचं उत्तर चित्र देऊ शकत नाही. पण हा प्रश्न अडीच पानांच्या काळात कुणी विचारलाही नव्हता. आम्ही आमच्यापुरता तोडगा काढला : अर्ज येईल त्या दिवशी तारखेचा शिक्का, आणि कार्यालयाने सात दिवसांच्या आत कागद तपासून काय कमी आहे ते एकदाच, लेखी कळवायचं. यामुळे ‘कागद पूर्ण आहेत का?’ ही शंकरपाळी समितीच्या पट्ट्यातून उचलून कार्यालयाच्या पट्ट्यात, सभेच्या बऱ्याच आधी आली. जुन्या फाइलमधलं सर्टिफिकेट अडकल्याचं २९ जूनऐवजी ११ जूनपर्यंत कळलं असतं, आणि पहिल्याच सभेत काम होण्याची शक्यता होती. कुणी जास्त काम केलं नाही. एक शंकरपाळी डावीकडे सरकली, एवढंच.

गप्प बसण्याचा बाण ठेवायचा की नाही यावर मत घेतलं. चार विरुद्ध तीन असा राहिला.

लावल्यानंतर चित्र चालतंय की नाही हे कळायला माझी एकच चाचणी होती. कुणी विचारायला आलं की मी काही सांगायच्या आधी त्याला बोर्डापाशी नेऊन म्हणायचो, ‘तुम्ही आत्ता कुठे आहात त्यावर बोट ठेवा.’ बोट पटकन पडलं तर चित्र ठीक. फिरत राहिलं तर जिथे घुटमळलं तिथला शब्द बदलायचा. पहिल्या दोन महिन्यांत मी तीन शब्द बदलले; ‘पृष्ठांकन’ हा त्यांतला एक, त्याच्या जागी ‘सर्टिफिकेटच्या मागे नाव चढतं’ आलं.

सी विंगमधल्या नव्या बाईंना मी असंच बोर्डापाशी नेलं. त्यांनी वरची एकही चौकट वाचली नाही. बोट थेट कॅलेंडरच्या चिन्हावर ठेवलं, पर्समधून पोच काढून तिच्यावरचा शिक्का माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘पुढची सभा कितीला आहे हो?’